प्रबंधाचे शेवटचे तीन महिने : रोज किती लिहायचं आणि चालढकल कशी ओळखायची



आपल्यापैकी बरेच जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. कुणाचा एम.ए.चा लघुप्रबंध चालू आहे, तर कुणी पीएच.डी.ला नोंदणी केली आहे. काही घरांत मुलगा किंवा सून प्रबंध लिहिते आहे आणि आईवडील बाहेरच्या खोलीतून विचारत आहेत, "किती राहिलं गं अजून?" आजचा पाठ या सगळ्यांसाठी आहे. विषय एकच, प्रबंध जमा करण्याआधीचे शेवटचे तीन महिने.

मी जिल्हा परिषद शाळेत उपशिक्षिका आहे. माझी पदविका डी.एड.ची. बी.ए. आणि एम.ए. नोकरीत असताना केलं. त्यानंतर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात मराठी विषयात संशोधनासाठी नोंदणी केली. घरी अहिराणी बोलणारी चौथीची मुलं प्रमाण मराठीत लिहितात, तेव्हा त्यांच्या लेखनात घरची भाषा कशी उतरते, हा माझा अभ्यास. मूल वहीत लिहितं, "मनी माय वावरमा गयी." आपण लाल पेनाने खोडतो आणि वर लिहितो, "माझी आई शेतात गेली." खरं तर त्या मुलाने व्याकरण मोडलेलं नसतं, दुसऱ्या भाषेचं व्याकरण नीट पाळलेलं असतं. हे दाखवणं हा माझ्या प्रबंधाचा गाभा होता.

सांगायला सोपं आहे, लिहायला घेतलं तेव्हा हात चालेना. ३० नोव्हेंबरपर्यंत प्रबंध जमा करायचा होता. १ सप्टेंबरला मी हिशोबाला बसले. तो हिशोब आणि पुढे काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

आधी शब्द मोजा, मग दिवस मोजा

प्रबंधाची पाच प्रकरणं होती. विषयप्रवेश, पूर्वसंशोधनाचा आढावा, अभ्यासपद्धती, वह्यांमधल्या नोंदींचं विश्लेषण आणि समारोप. पहिली दोन लिहून झाली होती. तिसरं अर्धं होतं. चौथं आणि पाचवं कोरं होतं. उरलेल्या शब्दांचा अंदाज काढला तो असा : तिसऱ्याचे ५,०००, चौथ्याचे १२,००० आणि पाचव्याचे ४,०००. एकूण २१,००० शब्द.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर मिळून ९१ दिवस. २१,००० ला ९१ ने भागलं की रोज २३१ शब्द येतात. मला हायसं वाटलं. २३१ शब्द म्हणजे जेमतेम एक पान. त्या आनंदात मी पुढचे चार दिवस काहीच लिहिलं नाही.

हा भागाकार जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि तो चुकीचा आहे. चूक गणितात नाही, भाजकात आहे. ९१ दिवस लिहिण्याचे नसतातच.

शेवटचे २१ दिवस आधीच बाजूला काढावे लागतात. त्या दिवसांत काय काय असतं ते खाली सांगते. ते काढले की १ सप्टेंबर ते ९ नोव्हेंबर, असे ७० दिवस उरतात. त्यातले दहा रविवार मी सोडले, कारण रविवारी घरचं काम आणि पाहुणे असतात. गौरी-गणपती, दसरा, दिवाळी मिळून दहा दिवस धरले. सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका, प्रशिक्षण आणि ऐनवेळी येणारी शासकीय कामं यांना सहा दिवस धरले. २६ दिवस वजा झाले, उरले ४४.

आता २१,००० भागिले ४४ म्हणजे रोज ४७७ शब्द. एक पान सोडा, दोन पानं झाली. हा खरा आकडा होता आणि तो बघून पोटात गोळा आला.

आपला वेग अंदाजाने धरू नका, मोजा

रोज ४७७ शब्द मला जमणार होते का? हे ठरवायला मी एक आठवडा फक्त मोजमाप केलं. पहाटे पाच ते सव्वासहा, म्हणजे ७५ मिनिटं, हीच माझी वेळ. त्यानंतर डबे आणि मग शाळेची गाडी. सहा दिवस रोज किती नवे शब्द प्रबंधात पडले ते लिहून ठेवलं. सरासरी आली ३२०.

एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळ्या प्रकरणांचा वेग सारखा नसतो. अभ्यासपद्धतीचं प्रकरण भराभर होतं, कारण आपण जे केलं तेच सांगायचं असतं. कोणत्या शाळा घेतल्या, मुलांना कोणता विषय लिहायला दिला, वह्या कशा तपासल्या. त्यात मी एका बैठकीत ५०० शब्दही लिहिले. विश्लेषणात मात्र प्रत्येक वाक्याआधी थांबावं लागतं. म्हणून वेग मोजायचा तो अवघड प्रकरण लिहिताना. सोप्या प्रकरणाचा वेग धरून आखणी केली तर तिसऱ्या आठवड्यात ती कोसळते.

४४ दिवस गुणिले ३२०, उत्तर १४,०८०. मला हवे होते २१,०००. जवळजवळ ७,००० शब्द कमी पडत होते. हे १ सप्टेंबरच्या आठवड्यातच कळलं, म्हणून त्यावर काही करता आलं. नोव्हेंबरात कळलं असतं तर रडण्याखेरीज हातात काही नव्हतं.

अशा वेळी "मी रात्रीही जागेन" असं मन म्हणतं. त्या भरवशावर आखणी करू नये. रात्री जागलं की पहाटेची बैठक जाते, हाती तेवढंच पडतं आणि वर्गात मुलांवर चिडचिड होते ती वेगळी.

मी मार्गदर्शक सरांना भेटले आणि हिशोबाचा कागदच पुढे ठेवला. मुलांच्या लेखनातल्या फरकांचे मी पाच गट केले होते. पहिला ध्वनींचा, 'शाळा'चं 'शाया' आणि 'पाणी'चं 'पानी'. दुसरा प्रत्ययांचा, '-चा, -ची, -चं' ऐवजी '-ना, -नी, -नं' आणि '-त' ऐवजी '-मा'. तिसरा क्रियापदांचा, 'आहे' ऐवजी 'शे'. चौथा शब्दसंग्रहाचा आणि पाचवा ऱ्हस्व-दीर्घाचा. पाचही गटांवर सविस्तर लिहायचं मनात होतं.

सरांनी विचारलं, "मॅडम, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर पुण्याच्या मुलांच्याही होतात. त्यात अहिराणीचं काय?"

मी गप्प बसले. त्यांचं खरं होतं. शेवटी ठरलं ते असं. ध्वनी, प्रत्यय आणि क्रियापदं या तीन गटांची पूर्ण चर्चा करायची. शब्दसंग्रह आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचा तक्ता द्यायचा आणि त्यावर एकेक परिच्छेद लिहायचा. उद्दिष्टं तीच राहिली, एकही नोंद टाकून दिली नाही, विस्तार तेवढा कमी झाला. ५,००० शब्द वाचले. कपात करताना मंजूर आराखड्यातली उद्दिष्टं हलवायची नाहीत, आणि मार्गदर्शकांना न विचारता तर काहीच काढायचं नाही, ही मर्यादा पाळावी लागते.

आता १६,००० शब्द लिहायचे होते. १४,०८० रोजच्या बैठकींतून येणार होते. उरलेल्या १,९२० साठी दिवाळीच्या सुट्टीतले सहा दिवस निवडले आणि त्या दिवसांत दुपारी दुसरी बैठक ठेवली. सहा गुणिले ३२० बरोबर १,९२०. कागदावर हिशोब तंतोतंत बसला.

कागदावर तंतोतंत बसतो तोच हिशोब फसतो

याबद्दल एक अभ्यास फार बोलका आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली तो प्रसिद्ध केला. प्रबंध संपवत आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत जमा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. मग विचारलं, सगळंच बिघडलं तर? तेव्हा उत्तर आलं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे "सगळं बिघडलं तर" म्हणून धरलेले दिवससुद्धा कमी पडले. स्वतः सांगितलेल्या दिवसात काम संपवणारे दहात तीनच निघाले.

असं का होतं? अंदाज करताना आपण काम पुढे कसं सरकेल याचं चित्र बघतो. मागच्या वेळी काय झालं होतं ते बघत नाही. मागची चार प्रशिक्षणं लांबली, मागच्या दिवाळीत पाहुणे पाच दिवस राहिले, हे सगळं माहीत असूनही यंदाच्या हिशोबात ते येत नाही. म्हणून मी माझ्या गेल्या वर्षीच्या दैनंदिनीतले हेच तीन महिने उघडून पाहिले आणि सुट्टीचे २६ दिवस त्यातून काढले. तुम्हीही शाळेची जुनी हजेरी आणि दैनंदिनी घेऊन बसा. तिच्याइतका खरा सल्लागार दुसरा नाही.

'रोज ३०० शब्द' एवढं पुरत नाही

वेग कळला, रोजचा आकडा ठरला, तरी पहाटे पाचला संगणकासमोर बसून मी कोऱ्या पानाकडे बघत राहायची. ३२० शब्द लिहायचे हे माहीत होतं. कशाबद्दल लिहायचे ते माहीत नव्हतं. चालढकलीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. आळस नसतो, पुढचं वाक्य कोणतं ते ठरलेलं नसतं आणि त्या अडचणीपासून मन पळ काढतं.

म्हणून मी विश्लेषणाच्या प्रकरणाचे छोटे तुकडे पाडले. एका तुकड्यात चार गोष्टी :

१. तक्त्यातून काय दिसतं, ते एका-दोन वाक्यांत.
२. वह्यांमधली दोन उदाहरणं, जशी लिहिली आहेत तशी.
३. असं का झालं असावं.
४. हे कुठे लागू पडत नाही.

एक तुकडा करून दाखवते. समजा आज 'ळ' आणि 'य' हा विषय आहे. पहिल्या भागात लिहायचं की 'ळ' असलेल्या शब्दांत काही मुलं 'य' लिहितात. दुसऱ्यात उदाहरणं द्यायची, 'डोळा'चं 'डोया' आणि 'केळी'चं 'केयी'. तिसऱ्यात कारण सांगायचं की अहिराणीत या जागी 'य' हाच नेहमीचा उच्चार आहे, म्हणजे मूल ऐकलं तसं लिहितं आहे, हे दुर्लक्ष नाही. चौथ्यात मर्यादा सांगायची की असा 'य' वऱ्हाडीतही ऐकू येतो, तेव्हा हा बदल फक्त अहिराणीचा असं म्हणता येणार नाही. झाला तुकडा. मोजून पाहिला तर तो तीनशेच्या आसपास भरतो.

चौथा भाग बरेच जण गाळतात. तो लिहिला नाही तर तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं तेच विचारतात. रोज थोडा थोडा लिहून ठेवला की शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' हा भाग आपोआप तयार असतो.

असे तुकडे मोजले तर माझे चौथ्या प्रकरणाचे २२ निघाले. त्यांची यादी मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवली. रोजचं उद्दिष्ट झालं 'एक तुकडा'. शब्दांचा आकडा वेग तपासायला ठेवला. हातात काय घ्यायचं ते यादी सांगायची.

आणि उठताना एक काम न चुकता करायचं. उद्याच्या तुकड्याचं पहिलं वाक्य अर्धवट लिहून ठेवायचं. "प्रत्ययांच्या बाबतीत मुलांनी सर्वांत जास्त वेळा..." इतकंच. पहाटे पाचला झोपेत असलेल्या डोक्याला नवं वाक्य सुचत नाही, पण अर्धं वाक्य पुरं करता येतं. तेवढ्याने गाडी सुरू होते.

कामासारखी दिसणारी चालढकल

मोबाइल बघत बसणं ही चालढकल आपल्याला कळते. शेवटच्या तीन महिन्यांत धोका असतो तो कामासारख्या दिसणाऱ्या चालढकलीचा. माझ्या तीन होत्या.

पहिली, आणखी वाचन. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीवर एक भाग आहे, १९०७ साली छापलेला. तो मी आढाव्यात आधीच वापरला होता. तरी सप्टेंबरात मला वाटू लागलं की तो पुन्हा नीट बघायला हवा. त्याच ओढीने धुळ्याला जाऊन राजवाडे संशोधन मंडळात जुनं काही मिळतं का तेही बघावं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाची ही संस्था संशोधकाला सहज ओढून घेते. दोन रविवार मी तिकडे घालवले. छान वाटलं, टिपणंही काढली. त्यातलं एक वाक्यही प्रबंधात आलं नाही, कारण आढाव्याचं प्रकरण मी आधीच पूर्ण केलेलं होतं. विश्लेषणाची भीती वाटत होती म्हणून मी आढाव्यात परत जाऊन बसले होते.

दुसरी, तक्ते आणि टंक सजवणं. ओळींची जाडी, शीर्षकाचा आकार, समासाची रुंदी. एका पहाटे ७५ मिनिटं एकाच तक्त्यावर गेली.

तिसरी, आणखी नोंदी गोळा करणं. "अजून एका शाळेच्या वह्या घेतल्या तर बळकटी येईल." येईलही. पण त्या वह्या वाचून, गट पाडून, सगळे तक्ते बदलावे लागतील आणि नोव्हेंबर निघून जाईल.

ही चालढकल ओळखायची कशी? उठताना एक प्रश्न विचारायचा. कोऱ्या असलेल्या प्रकरणात आज नवं वाक्य पडलं का? 'नाही' असेल तर तो दिवस लिखाणाचा नव्हता, दमलो असलो तरी. वाचायची इच्छा फार झाली तर मी मजकुरात चौकट टाकायची, 'इथे संदर्भ बघणे', आणि पुढे लिहायची. अशा १७ चौकटी जमल्या. त्यातल्या नऊ शेवटी नुसत्या खोडल्या, त्यांची गरजच नव्हती.

जर-तर ठरवून ठेवा

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि वेरोनिका ब्रँडस्टेटर यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत, सण झाल्यावर दोन दिवसांच्या आत, एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. काहींना फक्त काम सांगितलं. बाकीच्यांना आधीच लिहायला लावलं की तुम्ही कधी आणि कुठे बसून लिहाल. ज्यांनी वेळ-जागा ठरवली त्यांच्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त जणांनी वेळेत लिहिलं. दुसऱ्या गटातल्या जवळपास एक तृतीयांश जणांनीच लिहिलं.

सणाची सुट्टी आणि लेखन, म्हणजे आपलंच चित्र. मी माझ्यासाठी तीन वाक्यं लिहिली. जर पाचचा गजर झाला, तर चहाआधी संगणक चालू करीन. जर वीज गेली, तर कालच्या तुकड्याचं चौथं कलम वहीत लिहीन. जर सकाळ हुकली, तर शाळा सुटल्यावर वर्गात वीस मिनिटं थांबून फक्त उदाहरणं उतरवीन.

तिसरं वाक्य सर्वांत उपयोगी पडलं. हुकलेल्या दिवशी पूर्ण तुकडा होत नाही, पण दोन उदाहरणं उतरवणं होतं, कारण त्याला विचार लागत नाही. धागा तुटत नाही. मात्र हुकलेले शब्द दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायला जाऊ नका. मी एकदा गेले. एका दिवसात ८०० शब्द लिहिले आणि पुढचे तीन दिवस त्या पानांकडे बघवेना. वाचून पाहिले तर निम्मे पुनरुक्तीचे होते. कमी पडलेलं शनिवारी बघायचं आणि पुढच्या पूर्ण आठवड्यात वाटून टाकायचं.

प्रत्यक्षात काय झालं

४४ ऐवजी ३९ दिवस मिळाले. ऑक्टोबरात मुलाला ताप आला त्यात चार गेले, एक प्रशिक्षणात गेला. दिवाळीतल्या सहा जादा बैठकींपैकी पाच झाल्या. भाऊबीजेला सासूबाईंनी विचारलं, "आजून सरनं नही का तुनं लिखान?" मी म्हटलं, "नाही आई, सहा तुकडे राहिलेत." नेमका आकडा सांगता आला म्हणून मला स्वतःलाच बरं वाटलं. त्यांनी दुपारी मुलाला वावरात नेलं. कापूस वेचणी चालू होती, तो तिकडे रमला आणि मला बैठक मिळाली.

९ नोव्हेंबरला १४,३०० शब्द झाले होते. १,७०० कमी. ते सगळे समारोपाचे होते. शेवटच्या २१ दिवसांतले पहिले सहा त्यात गेले. ते २१ दिवस आधी बाजूला काढले नसते, तर ३० नोव्हेंबरला मी समारोप लिहीत बसले असते.

त्या २१ दिवसांत काय असतं

सादरीकरण असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध जमा करण्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढे काम मांडावं लागतं आणि आलेल्या सूचना प्रबंधात घालाव्या लागतात. त्यासाठी चार-पाच दिवस हवेतच.

साम्य तपासणी असते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्याहून जास्त आणि ४० टक्क्यांपर्यंत निघालं तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. संदर्भसूची आणि नीट श्रेय दिलेली अवतरणं त्यात धरत नाहीत. साम्य बहुधा आढाव्याच्या प्रकरणात सापडतं, कारण तिथे आपण इतरांची वाक्यं जवळजवळ तशीच ठेवतो. अहवाल आला की प्रथम तेच प्रकरण उघडा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण असते, टंकाची. माझं पहिलं प्रकरण टंकलेखकाकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात करून घेतलं होतं. बाकीचं मी स्वतः युनिकोडमध्ये लिहिलं. दोन्ही एकत्र करताना जुना मजकूर रूपांतरित करावा लागला आणि जोडाक्षरं बिघडली. 'ऱ्या'चं भलतंच झालं, रफार दुसऱ्या अक्षरावर गेला. ४० पानं ओळीने वाचून दुरुस्त करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. माझ्या प्रबंधात तर 'पोऱ्या'सारखी अहिराणी रूपं आणि मुलांच्या मुद्दाम तशाच ठेवलेल्या चुका होत्या. कोणती चूक मुलाची आणि कोणती रूपांतराची, हे मूळ वही घेऊनच ठरवावं लागलं. तुमचाही मजकूर दोन टंकांत असेल तर हे काम सप्टेंबरातच उरका, शेवटासाठी ठेवू नका.

मग पृष्ठ क्रमांक, तक्त्यांचे क्रमांक, अनुक्रमणिका, छपाई, बांधणी आणि सह्या. सह्या करणारी व्यक्ती कधी रजेवर आहे हे आधीच विचारून ठेवा. अर्ज, शुल्क, प्रतींची संख्या यासाठी आपापल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक बघा, मागच्या वर्षी जमा केलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर राहू नका.

माझ्या वहीतली नोंद कशी असायची ते शेवटी देते. दोनशे पानी साधी वही आणि पाच रकाने :

तारीख : १४ ऑक्टोबर
बसले-उठले : ५.१० ते ६.२०
तुकडा : 'आहे' ऐवजी 'शे'
नवे शब्द : २९०
उद्याचं पहिलं वाक्य : "नकारार्थी वाक्यांत मात्र मुलं..."

तुमचा प्रबंध या तीन महिन्यांत असेल तर आज रात्री दोनच कामं करा. उरलेले शब्द प्रकरणवार लिहा आणि गेल्या वर्षीच्या दैनंदिनीतून लिहिण्याचे खरे दिवस मोजा. भागाकार उद्या पहाटे करू. आकडा मोठा आला तर तो कागद घेऊन याच आठवड्यात मार्गदर्शकांकडे जा.